ओठांचा रंग, उजेडाचा रंग
गव्हाळ-सावळ्या वर्णासाठी लिपस्टिकची छटा : कचेरीतील दिवसासाठी आणि संध्याकाळच्या समारंभासाठी

आंजर्ल्यातील माझ्या दवाखान्यात लिपस्टिकविषयी बोलण्याचा प्रसंग सहसा येत नाही. ताप, विंचूदंश, मधुमेह आणि गुडघेदुखी यांच्या गर्दीत प्रसाधनांना जागा ती कोठली? तरीही गेल्या उन्हाळ्यात एका तरुणीच्या निमित्ताने मला या विषयाकडे नीट लक्ष द्यावे लागले. तिच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील गाळून, तिची हकीकत येथे सांगते.

वय सत्तावीस. वर्ण आपल्याकडे ज्याला गव्हाळ म्हणतात त्याहून थोडा सावळा. दापोलीतील एका कचेरीत नोकरी. सकाळच्या एस.टी.ने जायचे, दिवसभर खिडकीवर लोकांशी बोलायचे आणि संध्याकाळी परतायचे. ती आईला घेऊन आली होती. खरे तर आईच तिला घेऊन आली होती.

"डॉक्टरबाई, हिचे ओठ बघा हो कसे काळे पडलेत," आई म्हणाली. "दोन महिन्यांनी माझ्या भावाकडे लग्न आहे. चारचौघांत कशी जाणार ही?"

मुलीचे ओठ सोलवटलेले होते. कोपऱ्यांना बारीक चिरा होत्या, आणि खालच्या ओठाच्या कडेबाहेर, हनुवटीच्या बाजूला, एक काळसर पट्टा उमटला होता. झोंबते का, असे विचारल्यावर तिने मान डोलावली. हळूहळू सारी कथा बाहेर आली. कचेरीत रुजू झाल्यावर तिने जाहिरातीत पाहिलेली एक फिकट पीचरंगी लिपस्टिक घेतली होती. नळीत ती फार सोज्ज्वळ दिसे, ओठांवर मात्र राख फासल्यासारखी दिसू लागली. तिने निष्कर्ष काढला की दोष रंगाचा नसून आपल्या ओठांचा आहे. मग कोणीतरी ओठ गुलाबी करणारे एक मलम सुचवले. ते सहा आठवडे लावून झाले होते. नळी तिने सोबत आणलीच होती. तिच्यात स्टिरॉइड होते, त्वचेचा रंग उतरवणारे हायड्रोक्विनोन होते आणि त्वचा सोलणारे ट्रेटिनॉइनही होते. हे औषध त्वचेच्या विशिष्ट विकारात, ठराविक काळापुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चेहऱ्यावर वापरायचे असते. ओठांसारख्या नाजूक जागी ते रोज चोळण्यासाठी नसते.

एका चुकीच्या छटेची निवड, आणि तिची परिणती सोललेल्या ओठांत झाली होती. म्हणून प्रथम ती छटा का चुकली, हे समजून घेऊ.

ओठ हा कोरा कागद नव्हे

ओठांच्या रंगीत भागावरील आवरण चेहऱ्याच्या त्वचेपेक्षा पुष्कळ पातळ असते. त्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि त्यातील रक्ताची लाली वर दिसते. ज्यांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक, त्यांच्या ओठांतही ते कमी-अधिक असतेच. म्हणजे खाली लाल आणि त्यावर तपकिरी काच, अशी ही रचना आहे. आपल्या वर्णात वरचा ओठ बहुधा गडद तपकिरी आणि खालचा मधोमध गुलाबीसर असतो. हा दुरंगीपणा जन्मजात व निरोगी आहे. त्याला औषधाची गरज नाही.

लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंगकण यांचे मिश्रण. मेणामुळे ती उभी राहते, तेलामुळे पसरते. हे तेल पुष्कळदा एरंडेलच असते. ओठांवर तिचा थर इतका पातळ बसतो की खालचा रंग पूर्णपणे झाकला जात नाही. नळीत दिसणारी छटा आणि ओठांवर दिसणारी छटा यांत फरक पडतो तो यामुळे. गोऱ्या ओठांवर जो रंग गुलाबी दिसेल तोच आपल्या ओठांवर थोडा तपकिरी आणि थोडा गडद दिसणार. हे एकदा लक्षात आले की निम्मा गोंधळ संपतो.

मग फिकट छटा राखेसारखी का दिसते? रंग फिकट करायचा तर त्यात पांढरे द्रव्य मिसळावे लागते. लिपस्टिकमध्ये ते बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असते, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच. हे पांढरे कण अपारदर्शक असतात. तपकिरी ओठांवर त्यांचा थर बसला की खालची लाली अडते, तपकिरी मात्र कडांतून आणि रेषांतून डोकावत राहते. तपकिरीवर पांढऱ्याची साय आली की करडेपणा दिसतो. सारवलेल्या जमिनीवर रांगोळीचे पीठ सांडून ते हाताने फिसकटले तर जसे दिसेल, तसेच हे. ओठ 'काळे' आहेत म्हणून असे होत नाही. छटेतील पांढरा अंश आपल्या ओठांच्या मानाने अधिक आहे म्हणून होते.

बाजारात 'न्यूड' या नावाने जे रंग मिळतात, त्यांपैकी कित्येकांचा घोळ हाच आहे. त्वचेशी मिळताजुळता रंग असा त्या शब्दाचा अर्थ. परंतु कोणाच्या त्वचेशी, हे त्यात सांगितलेले नसते. भारतीय स्त्रियांसाठी देशातच प्रसाधने बनवणारी लॅक्मे ही कंपनी टाटा समूहाने १९५२ साली सुरू केली, म्हणजे देशी लिपस्टिकला सत्तर वर्षे उलटून गेली. तरीही फिकटपणा म्हणजे सौम्यपणा हे समीकरण आपल्या मनातून गेलेले नाही. आम्हा वैद्यकीय लोकांनाही फार बोलता येणार नाही. त्वचेचे प्रकार ठरवण्यासाठी आजही वापरली जाणारी मोजणी अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली, ती गोऱ्या त्वचेचा विचार करून. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार तिला नंतर जोडले गेले. आपला गव्हाळ वर्ण साधारणपणे तिच्या चौथ्या आणि सावळा पाचव्या प्रकारात मोडतो.

आधी ओठ बरे करणे

मुलीला मी प्रथम मलम थांबवायला सांगितले. लिपस्टिक, सुगंधी लिप बाम आणि दालचिनी किंवा पुदिन्याच्या तीव्र चवीची टूथपेस्टही बंद. दिवसातून पाच-सहा वेळा साधे, बिनवासाचे पेट्रोलियम जेली. ओठांवरून जीभ फिरवायची नाही आणि पापुद्रे ओढायचे नाहीत. पहिला आठवडा तिला कठीण गेला, कारण स्टिरॉइड सुटल्यावर आग काही दिवस वाढते. याची कल्पना तिला आधीच दिली होती, म्हणून ती घाबरली नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ओठ मऊ झाले, चिरा भरल्या आणि हनुवटीकडील काळसर पट्टा पुष्कळ पुसट झाला.

त्या पट्ट्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गव्हाळ-सावळ्या वर्णात येथेच फसगत होते. प्रसाधनातील सुगंध, रंग किंवा तेलाचा एखादा घटक सोसला नाही तर गोऱ्या त्वचेवर लाल चट्टा उठतो. आपल्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. दाह ओसरताना मागे काळसरपणा राहतो आणि तोच नजरेस पडतो. मग स्त्रीला वाटते की ओठ काळे पडले, आता अधिक गडद लिपस्टिक लावून झाकू. ज्या वस्तूने दाह झाला तीच अधिक जाड थराने लावली जाते. ओठांच्या सीमेबाहेर पसरलेला काळसरपणा, सोबत खाज किंवा सोलवटणे, आणि तो नव्या लिपस्टिकनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसू लागणे, ही ॲलर्जीची खूण समजावी. जन्मजात गडद ओठ ना खाजतात, ना सोलतात, ना आपली सीमा ओलांडतात.

तिचा वरचा ओठ बरा झाल्यावरही तपकिरीच राहिला. आईचा चेहरा किंचित पडला. मी त्यांना आरशापुढे नेले आणि माय-लेकींचे ओठ शेजारी शेजारी दाखवले. दोघींचे वरचे ओठ एकाच रंगाचे होते. "हा तुमच्याकडूनच आलाय, वहिनी," मी म्हटले. त्या हसल्या आणि ओठ गुलाबी करण्याचा विषय तेथे मिटला. पुढचा प्रश्न होता लग्नाचा आणि कचेरीचा.

तीन उजेडांतील परीक्षा

पुढच्या खेपेस मुलगी मामेबहिणीच्या पाच लिपस्टिक घेऊन आली. दुसऱ्याची लिपस्टिक थेट ओठांना लावू नये. ओठांवर येणारे नागिणीच्या कुळातील विषाणूंचे फोड अशा वापरातून पसरू शकतात. म्हणून घसा तपासण्याच्या लाकडी पट्टीने प्रत्येक लिपस्टिकचा वरचा थर काढून टाकला, खालचा थोडा रंग दुसऱ्या स्वच्छ पट्टीवर घेतला आणि कापसाच्या काडीने लावला. दुकानात हे शक्य नसेल तर छटा मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर न पाहता बोटाच्या पेरावर, ठशाच्या बाजूला पाहावी. तेथील त्वचा गुलाबीसर असते आणि हाताच्या पाठीपेक्षा ओठांच्या रंगाला अधिक जवळची असते.

पाच छटा अशा होत्या : तिची जुनी पीचरंगी, जांभ्या दगडासारखी विटकरी, गुलाबी-तपकिरी, कोकमाच्या आगळासारखी गडद गुलाबी-लाल, आणि पाचवी पिकल्या जांभळाच्या सालीसारखी, जिला 'वाइन' म्हणतात ती. प्रत्येक छटा एकदा लावून, कागदी रुमालाने हलकेच टिपून, पुन्हा एकदा लावायची. टिपल्यावर राहतो तोच तासाभरानंतरचा खरा रंग. मग तीन ठिकाणी आरसा धरून पाहायचे : खिडकीपाशी, जेथे ऊन थेट पडत नाही, तपासणीच्या खोलीत पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, आणि ओटीवरच्या पिवळ्या बल्बखाली.

उजेड का महत्त्वाचा? कचेऱ्यांत लावतात त्या पांढऱ्या नळ्यांच्या खोक्यावर बहुधा ६५०० केल्विन असे छापलेले असते. हा निळसर पांढरा उजेड. स्वस्त एलईडीत गडद लाल किरण कमी असतात, त्यामुळे त्यांच्याखाली लाल आणि विटकरी रंग मावळतात, तपकिरी दिसतात. समारंभातील पिवळे दिवे २७०० ते ३००० केल्विनचे असतात. त्यांत निळा अंश कमी, म्हणून निळसर झाक असलेले गुलाबी आणि जांभळे रंग मळकट होतात, तर लाल-नारिंगी रंग खुलतात. एकच लिपस्टिक सकाळी कचेरीत चांगली आणि संध्याकाळी मांडवात वाईट दिसते, त्याचे मुख्य कारण हे.

आमच्या परीक्षेत असे दिसले. पीचरंगी खिडकीपाशी राखाडी, ट्यूबखाली त्याहून राखाडी, आणि पिवळ्या दिव्याखाली जेमतेम बरी. विटकरी खिडकीपाशी प्रसन्न, पिवळ्या दिव्याखाली अधिकच उबदार, ट्यूबखाली मात्र चेहऱ्यातच मिसळून गेली. गुलाबी-तपकिरी खिडकीपाशी आणि ट्यूबखाली सारखीच राहिली, जणू तिचे स्वतःचेच ओठ पण थोडे अधिक तजेलदार. पिवळ्या दिव्याखाली ती किंचित हरवली. कोकमी छटा ट्यूबखाली चेहऱ्याच्या आधी पुढे आली, पण पिवळ्या दिव्याखाली स्वच्छ आणि देखणी दिसली. वाइन दिवसा फारच सुंदर होती. तीच मामेबहिणीची आवडती, आणि लग्नाला तीच लावायची असे दोघींनी ठरवून टाकले होते.

मी त्यांना थोडे थांबायला सांगितले. सूर्य मावळला, अंगणात उजेड मंदावला, आणि वाइन लावलेली मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली. चार-पाच पावलांवरून ओठ काळे दिसत होते. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळ म्हणजे गडद, हे खरे नव्हे

यामागे डोळ्यांची रचना आहे. भरपूर उजेडात आपण डोळ्यांतील ज्या पेशींनी रंग पाहतो, त्या मंद उजेडात निकामी होऊ लागतात आणि दुसऱ्या पेशी काम हाती घेतात. या दुसऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. म्हणून दिवेलागणीला जास्वंदीचे लाल फूल काळवंडते, आणि त्याच वेळी तिची पाने तुलनेने उजळ वाटतात. बोहेमियातील शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आता आपल्या ओठांचे गणित पाहा. ओठांचा मूळ रंग तपकिरी, त्यावर गडद जांभळट लाल, आणि उजेड मंद. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने, काळ्याकडे, नेतात. गोऱ्या चेहऱ्यावर गडद वाइन मंद प्रकाशातही ओठ म्हणून ओळखू येते, कारण खालचा रंग फिकट असतो. आपल्याला ती सवलत नाही. म्हणून आपल्या वर्णासाठी संध्याकाळचा नियम 'अधिक गडद' असा नसून 'अधिक स्वच्छ' असा असावा. स्वच्छ म्हणजे ज्यात राखाडी, काळा किंवा पांढरा अंश कमी आणि मूळ रंग भरघोस : कुंकवाचा लाल, कोकमी, डाळिंबी, उजळ विटकरी. वाइन आणि जांभळा वर्ज्य नाहीत. भरपूर दिव्यांच्या सभागृहात त्या शोभतात. अंगणातील मांडव, समुद्रकाठचा समारंभ किंवा दिव्यांच्या माळांचा अंधुक उजेड असेल तर त्या टाळाव्यात.

कचेरीचा नियम निराळा. तेथे समोरचा माणूस हातभर अंतरावर, पांढऱ्या उजेडात, आपल्या तोंडाकडे पाहत बोलत असतो. तेथे ओठांच्या स्वतःच्या रंगाच्या कुळातील, त्याहून एकच पायरी गडद छटा पुरते. ही पायरी मोजण्याची साधी रीत अशी : छटा लावून, टिपून, हातभर अंतरावरील आरशात क्षणभर पाहावे. प्रथम चेहरा दिसला आणि ओठ त्यात निरोगी वाटले, तर पायरी बरोबर. प्रथम ओठच दिसले, तर ती छटा संध्याकाळची. चेहरा थकलेला वाटला, तर छटा ओठांपेक्षा फिकट आहे आणि ती कोणत्याच वेळेची नव्हे.

कुळ कोणते, हे कसे ओळखावे? मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, यावरून त्वचेची झाक ठरवण्याची एक प्रथा आहे. सावळ्या त्वचेत शिरांचा रंग मेलॅनिनच्या आडून दिसत असल्याने ती फसवी ठरते. त्यापेक्षा अर्ध्या ओठांची परीक्षा करावी. डाव्या अर्ध्यावर विटकरीकडे झुकणारी आणि उजव्या अर्ध्यावर गुलाबीकडे झुकणारी, साधारण सारख्याच गडदपणाची छटा लावावी. एक हात आडवा धरून आधी एक बाजू झाकावी, मग दुसरी. ज्या बाजूला डोळ्यांखालची काळी वर्तुळे कमी जाणवतात, ते आपले कुळ. घरातील दुसऱ्या व्यक्तीला विचारले तर उत्तर अधिक लवकर मिळते.

दुरंगी ओठांवर एकच छटा दोन रंगांत दिसते, ही अनेकींची तक्रार असते. त्यावर उपाय वरच्या ओठाला फिकट करण्याचा नाही. वरच्या ओठाच्या रंगाची लिप पेन्सिल घेऊन खालच्या ओठाच्या गुलाबी भागावर हलकी फिरवावी, म्हणजे दोन्ही ओठ एका पायावर येतात. मग लिपस्टिकचा पातळ थर द्यावा. एवढी खटपट नको असेल तर वरच्या ओठावर एक थर आणि खालच्यावर दोन थर द्यावेत. पुष्कळदा तेवढे पुरते.

पोत, घाम आणि आठ तास

छटेइतकेच पोताला महत्त्व आहे. मॅट लिपस्टिकमध्ये तेलाचे प्रमाण कमी असते. द्रवरूपातील मॅट प्रकारात लवकर उडून जाणारे द्राव असतात. ते उडाले की रंगाची कोरडी कपची ओठांवर राहते. ती टिकते खरी, पण ओठांच्या रेषा उठून दिसतात आणि आधीच कोरडे असलेले ओठ सोलतात. शिवाय प्रकाश परतवणारी चकाकी नसल्याने गडद छटा मॅटमध्ये आणखी गडद वाटते. म्हणून कचेरीच्या आठ तासांसाठी मऊ, किंचित तुकतुकीत पोत घ्यावा आणि डबा खाल्ल्यावर ओठ पुसून तो पुन्हा लावावा. सकाळच्या थरावर थर चढवू नयेत. संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी मॅट चालेल. तिच्याआधी दहा मिनिटे पेट्रोलियम जेली लावून मग ती पुसून टाकावी.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते. स्कूटरच्या डिकीत किंवा एस.टी.च्या खिडकीपाशी ठेवलेल्या पर्समध्ये लिपस्टिक तापते आणि तिच्यावर तेलाचे बारीक थेंब येतात. असे एकदा-दोनदा झाल्याने ती बिघडतेच असे नाही. परंतु खवट तेलाचा वास, बदललेली चव किंवा पृष्ठभागावर न पुसला जाणारा पांढुरका थर आढळला तर छापील मुदत शिल्लक असली तरी ती टाकावी. घेताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम मुदत असल्याची खात्री करावी. आपल्याकडे शिसे आणि आर्सेनिक असलेले रंग प्रसाधनांत वापरण्यास बंदी आहे, पण ज्या वस्तूवर उत्पादकाचाच पत्ता नाही तिच्याबाबत ही बंदी कोण पाळणार? जत्रेतील खोक्यातली नावगाव नसलेली कांडी म्हणूनच टाळावी.

ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी नवी लिपस्टिक ओठांना लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा सात दिवस लावून पाहावी. खाज, पुरळ किंवा काळसर चट्टा उठला तर ती आपल्यासाठी नाही. एका दिवसाच्या परीक्षेवर विसंबू नये, कारण अशी ॲलर्जी सहसा दोन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा बोलते. आमच्या रुग्णेने तीन छटांची अशी परीक्षा केली. वाइनने दंडावर खाज आणली, म्हणून ती दुहेरी कारणाने बाद झाली. गुलाबी-तपकिरी आणि कोकमी निर्धोक ठरल्या.

ओठ काही सांगत असतील तर

जन्मजात गडदपणाला औषध नको, पण प्रत्येक गडदपणा जन्मजात नसतो. वर्षानुवर्षे नेहमीचे असलेले ओठ काही महिन्यांत काळवंडले, सोबत हिरड्या आणि तळहाताच्या रेषाही काळ्या झाल्या आणि थकवा, वजन घटणे सुरू झाले, तर ते मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या विकाराचे लक्षण असू शकते. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या व्यक्तीच्या ओठांवर न भरणारी चीर, पांढरा चट्टा किंवा वाढणारा डाग दिसला तर तो तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ अंगावर काढू नये. आणि एक छोटी विनंती : डॉक्टरांकडे येताना लिपस्टिक पुसून यावे. रक्त कमी असल्याची फिकटी आणि प्राणवायू कमी पडल्याची निळसर झाक आम्ही ओठांवर शोधतो. कोकमी ओठांवर यातले काहीही दिसत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात आई रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी मोबाइलवरील छायाचित्र दाखवले. मामाच्या अंगणातील मांडव, पिवळ्या दिव्यांच्या माळा, आणि हिरव्या साडीतील मुलीच्या ओठांवर कोकमी छटा. वरचा ओठ खालच्याहून किंचित गडद दिसत होता, आईचा दिसतो तसाच. कचेरीत मुलगी आता गुलाबी-तपकिरी लावते आणि डबा खाल्ल्यावर एकदा पुन्हा लावते. पीचरंगी नळीचे काय झाले, असे मी विचारले. आई म्हणाल्या, "मलमाबरोबर टाकून दिली हो."